एसीची एएमसी: कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यायची की साधी, आणि कागद कुठून वाचायचा

मागच्या फेब्रुवारीत आत्याच्या मुलाचा चाळीसगावहून फोन आला. त्याचा दातांचा दवाखाना आहे, आत तीन एसी आहेत, आणि वर्षाच्या सर्व्हिस करारासाठी, म्हणजे एएमसीसाठी, तीन जणांची कोटेशनं येऊन पडली होती. म्हणे, "भाऊ, तीनही कागद माले सारखाच दिसतस. जे सस्तं शे ते ली टाकू का?" मी म्हटलं थांब, तिन्हींचे फोटो काढून पाठव, आणि पुढचं पान पाठवू नको, मागचं पाठव.

मागचं पान यासाठी की मी सहा वर्षं जळगावात एका एसी डीलरकडे सर्व्हिसचं काउंटर सांभाळलंय. कम्प्लेंट लिहून घ्यायच्या, कोटेशन टाइप करायची आणि मे महिन्यात लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. त्यामुळे पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात काय असतं आणि मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात काय असतं ते दोन्ही मीच टाइप केलेलं आहे, आणि भांडणं नेहमी मागच्या पानावरून व्हायची.

आधी दोन प्रकार नीट समजून घेऊ. साधी एएमसी म्हणजे नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, आपल्याकडे मेकॅनिक लोक तिला लेबर एएमसीच म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. यात तुम्ही माणसाच्या येण्याचे आणि त्याच्या हातकामाचे पैसे वर्षभराचे आधीच देता. वर्षात ठरलेल्या तीन किंवा चार सर्व्हिस, आणि मधे एसी बंद पडला तर बघायला येणं, हे त्यात आलं. पार्ट लागला, गॅस लागला, की त्याचं बिल वेगळं. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये हे सगळं आहेच, वर पार्टची जोखीमही कंपनी घेते, म्हणजे मोटर गेली, पीसीबी गेला, कॉम्प्रेसर गेला तर तो बदलून देणं त्यांच्याकडे. म्हणून ती साध्याच्या दुप्पट-अडीचपट महाग असते.

एक उदाहरण घ्या म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. दुपारी एसी चालू केला, बाहेरचं युनिट गुरगुरतंय पण आत हवाच येत नाही. मेकॅनिक आला, मीटर लावला, म्हणाला इनडोअरची फॅन मोटर गेली. लेबर एएमसी असेल तर त्याचं येणं, खोलणं, बसवणं फुकट आणि मोटरचे दोन-तीन हजार तुमचे. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर मोटरही फुकट. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. आता गंमत बघा, मोटरचा बुश घासून घासून ती हलायला लागली होती आणि त्या हलण्यात आतला लांब गोल ब्लोअरही तडकला. ब्लोअर असतो प्लास्टिकचा. आणि बऱ्याच कॉम्प्रिहेन्सिव्ह करारांत मागच्या पानावर ओळ असते की प्लास्टिकचे पार्ट, ग्रिल, रिमोट, फिल्टर, कॉपर पाइप, ड्रेन पाइप, बाहेरचं स्टँड यात धरलेलं नाही. म्हणजे मोटर फुकट बसली, ब्लोअरचं बिल तुमच्या हातात आलं, आणि तुम्ही काउंटरवर येऊन म्हणता की साहेब, सगळं आलं म्हणाले होते ना. सगळं म्हणजे काय ते यादीत लिहिलेलं असतं, कॉम्प्रिहेन्सिव्ह या शब्दात नसतं. त्या शब्दाला पक्का ठरलेला असा अर्थच नाही, प्रत्येक कंपनीची यादी वेगळी.

ब्लोअर, रिमोट हे तसं किरकोळ झालं. खरा पैसा तीन ठिकाणी असतो: गॅस आणि कॉइल, पीसीबी, आणि कॉम्प्रेसर. यात सगळ्यात जास्त फसवाफसवी गॅसमध्ये आहे म्हणून तिथे जरा थांबतो.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरला जाऊन संपत नाही. बंद पाइपात तोच गॅस फिरत राहतो, आत उष्णता उचलतो, बाहेर सोडतो, परत आत येतो. काहीच बिघडलं नाही तर दहा वर्षंही तोच गॅस चालतो. तेव्हा कोणी म्हणालं की दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरावाच लागतो, तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी लीकेज आहे आणि ते शोधायचा कंटाळा आहे. लीकेज कसं ओळखायचं? एसी चालू आहे, बाहेरचं युनिटही चालू आहे, पण खोली थंड व्हायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. आतली जाळी काढून बघितली तर कॉइलचा एकच कोपरा गार, बाकी कोमट, किंवा पातळ पाइपावर बर्फ धरलेला. आणि बाहेरच्या युनिटला जिथे पाइप नटाने जोडलेले असतात तिथे तेलकट डाग, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. त्यावर आपली मातीची धूळ बसून काळा चिकट थर होतो, बोट लावलं की कळतं. बर्फ मात्र नुसता फिल्टर चोंदला तरी धरतो, म्हणून आधी फिल्टर धुऊन बघायचा, मग गॅसवर जायचं.

लीकेजचं काम नीट करायचं तर आधी नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवतात आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते बघतात. सापडलं की नट परत बनवतात किंवा कॉइलला ब्रेझिंग करतात, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवतात, मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास लावून पाइपातली हवा आणि ओल काढतात, आणि शेवटी काट्यावर वजन करून गॅस सोडतात, जेवढा बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर लिहिलाय तेवढाच. दीड टनाच्या आजच्या आर-32 वाल्या एसीत तो साधारण किलोच्या आतबाहेर असतो. याला दोन-तीन तास जातात. आणि टॉप-अप म्हणजे सिलिंडर लावला, गेज बघितला, पंधरा मिनिटांत काम संपलं. महिना-दोन महिने थंड वाटतं, मग परत तेच.

आता हे करारात कसं येतं ते बघा. साध्या एएमसीत गॅस तुमचा, हे सरळ आहे. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये तीन तऱ्हा असतात. काही जण लिहितात, गॅस चार्जिंग समाविष्ट, लीकेज दुरुस्तीसह, हे सगळ्यात चांगलं. काही लिहितात, वर्षातून एकदा गॅस टॉप-अप मोफत, म्हणजे लीकेजचं नावच नाही, दुसऱ्यांदा संपला की पैसे द्या. आणि तिसरे लिहितात, गॅस समाविष्ट पण कॉइल वगळून, आणि हे सगळ्यात चलाख आहे. कारण जुन्या एसीत लीकेज बहुतेक कॉइललाच होतं, आणि कॉइलला दोन-तीन ठिकाणी बारीक भोकं पडली की ब्रेझिंग टिकत नाही, ती बदलावीच लागते. मग मेकॅनिक म्हणणार, साहेब गॅस आम्ही फुकट भरू पण कॉइल बदलल्याशिवाय भरून उपयोग नाही, आणि कॉइलचे सात-आठ हजार तुमचे. शब्दाला शब्द खरं बोलतोय तो. म्हणून गॅस आहे का एवढंच विचारू नका, इनडोअर आणि आउटडोअर कॉइल बदलून देणं यात आहे का हे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. 'रिपेअर होण्यासारखी असेल तर' अशी शेपूट लावलेली असेल तर कॉइल करारात नाहीच असं धरून चाला.

दुसरी जागा पीसीबी, म्हणजे एसीचा मेंदू असलेलं सर्किट. इन्व्हर्टर एसीत बाहेरचा पीसीबी हा महागाचा आणि नाजूक पार्ट. यात दोन गोष्टी बघायच्या. एक, रिपेअर करून देणार की बदलून देणार. बऱ्याच करारांत सरळ लिहिलेलं असतं की रिपेअर केलेला पार्ट बसवायचा हक्क कंपनीला आहे आणि काढलेला पार्ट कंपनीचा. त्यात वाईट काही नाही, फक्त रिपेअरला पाठवला तर तो जातो पुण्या-मुंबईला किंवा नाशिकला आणि दहा-बारा दिवस येत नाही, आणि त्या दहा दिवसांत बाहेर 44 डिग्री असतं.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. व्होल्टेजच्या चढउतारामुळे झालेलं नुकसान यात धरलेलं नाही, ही ओळ मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक कराराच्या मागच्या पानावर होती. आता आपल्याकडे शहराबाहेर, शेती फीडरच्या बाजूला, संध्याकाळी लाइट कशी नाचते ते सांगायला नको. पीसीबी जळाला की मेकॅनिकने रिपोर्टवर 'व्होल्टेज प्रॉब्लेम' असे दोन शब्द लिहिले की कॉम्प्रिहेन्सिव्ह तिथेच संपली. याच्यावर दोन उपाय. करार करतानाच इन्स्पेक्शनला येणाऱ्या माणसाकडून स्टॅबिलायझर आणि अर्थिंग तपासून घ्यायचं आणि त्याने ते ठीक आहे असं फॉर्मवर लिहून द्यायचं, मग पुढे व्होल्टेज म्हणणं त्यांना अवघड जातं. आणि कम्प्लेंट बंद करताना ते ओटीपी मागतात, तो जॉबशीटवर कारण काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय द्यायचा नाही. आमच्या वेळी काही मेकॅनिक दारात बूट काढतानाच ओटीपी मागायचे, कारण टार्गेट असायचं की कम्प्लेंट त्याच दिवशी बंद दिसली पाहिजे. तुम्ही ओटीपी दिला की सिस्टिममध्ये तुमचा एसी चालू झाला, घरात नसला तरी.

तिसरी जागा कॉम्प्रेसर, आणि इथे लोक उगाच पैसे घालवतात. आजकाल इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरवर कंपनीची दहा वर्षांची वॉरंटी सर्रास असते, काही मॉडेलवर पीसीबीचीही पाच वर्षं असते. तुमचा एसी तीन वर्षांचा असेल तर कॉम्प्रेसर आधीच झाकलेला आहे, त्याच्यासाठी परत एएमसीत पैसे कशाला? वॉरंटी कार्ड काढा आणि नीट वाचा, कारण वॉरंटीत कॉम्प्रेसर म्हणजे नुसता पार्ट असतो, गॅस, ने-आण आणि लेबर तुमचं, असं बऱ्याच कार्डांवर असतं. कॉम्प्रेसर फुकट मिळूनही चार-पाच हजारांचं बिल येतं ते त्यामुळे.

आणि एक ओळ, जी शेवटून दुसरी-तिसरी असते आणि कोणीच वाचत नाही. या करारान्वये कंपनीची एकूण जबाबदारी कराराच्या रकमेपुरती मर्यादित राहील, अशा अर्थाची. म्हणजे तुम्ही सहा हजार भरले, चौदा हजारांचा पार्ट गेला, तर कंपनी सहा हजारांपर्यंतच बांधील. मग ती कॉम्प्रिहेन्सिव्ह कसली, तुमचेच पैसे तुम्हाला परत. सगळेच हे लावतात असं नाही, पण ही ओळ असेल तर मी तो कागद बाजूला ठेवतो, भाव कितीही कमी असो.

आता आत्याच्या मुलाचं प्रकरण. त्याचे एसी असे: वेटिंगमध्ये दोन टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, सात वर्षं जुना. खुर्चीच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर, तीन वर्षांचा. आणि एक्स-रेच्या छोट्या खोलीत एक टनाचा, पाच वर्षांचा, तोही साधा आणि दिवसातून तासभर चालणारा.

पहिलं कोटेशन कॉम्प्रिहेन्सिव्हचं, जळगावच्या अधिकृत सर्व्हिस डीलरचं: दोन टनाला 7,200, दीड टनाला 6,000, एक टनाला 5,200, मिळून 18,400. वर 18 टक्के जीएसटी 3,312, म्हणजे 21,712. दुसरं त्याच डीलरचं लेबर एएमसीचं: 2,800, 2,400 आणि 2,200, मिळून 7,400, जीएसटी धरून 8,732. तिसरं गावातल्याच एका मेकॅनिकचं, तिन्ही एसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, 13,500 मध्ये, बिल नको तर जीएसटी नाही. आत्याच्या मुलाला हेच घ्यायचं होतं.

तिसऱ्याचा कागद म्हणजे लेटरहेडवर सात ओळी. त्यात लिहिलेलं: गॅस एक वेळ, पीसीबी रिपेअर, कॉम्प्रेसर अर्धे पैसे. कॉइलचा उल्लेख नाही. सर्व्हिस किती, तर 'गरजेप्रमाणे'. माणूस वाईट नाही, दुपारी फोन केला तर संध्याकाळी येतो, आणि ही गोष्ट चाळीसगावसारख्या ठिकाणी खूप मोठी आहे. पण हे जे होतं ते लेबर एएमसी अधिक एक टॉप-अप एवढंच होतं, नाव मोठं आणि भाव मधला. मी त्याला म्हटलं, याची तुलना 21,712 शी करू नको, 8,732 शी कर, मग हा स्वस्त नाही, पावणेपाच हजारांनी महाग आहे.

आता उरले पहिले दोन. इथे लोक एकूण रकमेकडे बघतात आणि घोळ करतात. तिन्ही एसींना एकच प्रकार घ्यावा असं कुठे लिहिलेलं नाही. प्रत्येक एसीला कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी जास्तीचे किती द्यावे लागतात ते काढायचं आणि विचारायचं की येत्या बारा महिन्यांत या मशीनचं तेवढ्याचं काही जाईल का. दोन टनाला फरक 4,400, जीएसटी धरून 5,192. दीड टनाला 3,600 चे 4,248. एक टनाला 3,000 चे 3,540.

दीड टनाचा इन्व्हर्टर घ्या. कॉम्प्रेसर दहा वर्षं, पीसीबी पाच वर्षं, दोन्ही वॉरंटी कार्डावर स्पष्ट. मागच्या तीन वर्षांत गॅसला हात लागलेला नाही. मग 4,248 कशाचे द्यायचे? फॅन मोटर, सेन्सर, कपॅसिटर, आणि झालाच तर एखादा नट सैल होऊन गॅस जाणं. यातलं काही एक झालं तरी बिल साधारण तेवढंच येईल, आणि न होण्याचीच शक्यता जास्त. लेबर एएमसी बास.

एक टनाचा दिवसातून तासभर चालतो, खिडकीबाहेर आउटडोअर सावलीत आहे. त्याची वॉरंटी संपली असली तरी मी तिथे जोखीम घेतली असती, कारण तो बंद पडला तर एक्स-रे काढताना पेशंटला पाच मिनिटं गरम होईल, दवाखाना बंद नाही पडणार. लेबर.

दोन टनाचा मात्र वेगळा. सात वर्षं जुना, कॉम्प्रेसरची वॉरंटी संपलेली, रोज दहा तास चालतो, आणि मी विचारलं की गॅस कधी भरला होता, तर म्हणे मागच्या मेमध्ये आणि त्याच्या आदल्या वर्षीही. दोन वर्षं लागोपाठ गॅस म्हणजे लीकेज. आउटडोअर कुठे आहे म्हटलं, तर मागच्या बोळात, उघड्या गटाराच्या बरोबर वर. गटारातून जो वायू निघतो तो तांब्याला खातो, त्यामुळे अशा ठिकाणच्या कॉइलला बारीक भोकं लवकर पडतात. या एकाला 5,192 जास्तीचे देणं मला पटलं, पण एका अटीवर की कॉइल लेखी समाविष्ट असेल.

डीलरला फोन केला तेव्हा अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं की आधी इन्स्पेक्शन होईल. हे बरोबरच आहे, आजारी मशीन कोणी विम्यात घेत नाही. त्यांचा माणूस आला, नायट्रोजन धरला, आउटडोअर कॉइलच्या वाकणाजवळ लीकेज निघालं. कॉइल बदलायचे 7,800 आणि गॅसचे 2,500 आधी भरा, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह देतो. आत्याचा मुलगा वैतागला, म्हणाला मग एएमसी कशाला घ्यायची, सगळं तर मीच भरलं. त्याचंही चूक नव्हतं. मी त्याला सांगितलं की आता हिशेब परत मांड. नवीन कॉइल बसली, तिच्यावर पार्टची वॉरंटी मागून घे, मग उरला फक्त कॉम्प्रेसर आणि इनडोअर कॉइल. सात वर्षांच्या मशीनमध्ये 10,300 टाकून वर 5,192 द्यायचे, की नवीनच घ्यायचा? मी म्हटलं नवीन घे, पण त्याला ते जुनं मशीन अजून दोन वर्षं ओढायचं होतं. शेवटी कॉइल बदलली, आउटडोअर गटारावरून काढून गच्चीवर नेला, आणि त्या एकाला कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली. गच्चीवर न्यायचे, वाढीव कॉपर पाइप धरून, वेगळे चार हजार लागले. शिफ्टिंग कुठल्याच एएमसीत नसतं.

म्हणजे करार असा झाला: दोन टन कॉम्प्रिहेन्सिव्ह 7,200, बाकी दोन लेबर 2,400 आणि 2,200, मिळून 11,800, जीएसटी 2,124, एकूण 13,924. त्या गावातल्या मेकॅनिकच्या भावाच्या जवळपासच, पण काय मिळालं ते कागदावर आहे.

सही करायच्या आधी मी त्याला करारावर पेनाने तीन गोष्टी लिहून घ्यायला लावल्या आणि डीलरचा शिक्का मारून घ्यायला लावला. पहिली म्हणजे दोन टनाच्या दोन्ही कॉइल बदलून देणं समाविष्ट. त्याबद्दल वर बोललोच.

दुसरी, सर्व्हिसच्या तारखा. चार सर्व्हिस म्हटलं की कंपनी कराराच्या तारखेपासून दर तीन महिन्यांनी एक लावते. मार्चमध्ये करार झाला तर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. यातल्या सप्टेंबर आणि डिसेंबरच्या आपल्याकडे जवळजवळ वाया जातात. खान्देशात एसीवर खरा मार बसतो एप्रिल ते जून, आणि मे महिन्यात जो गरम वारा सुटतो त्याने आउटडोअरच्या जाळीत बारीक धूळ घट्ट बसते. जिनिंगच्या आसपास असाल तर कापसाचा भुसा वेगळाच, तो जाळीवर गोधडीसारखा चढतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही, मग प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होतो. म्हणून लिहून घेतलं की पहिली वेट सर्व्हिस मार्चच्या शेवटी, दुसरी आउटडोअरच्या जेट वॉशसह 15 मेच्या आत, तिसरी दिवाळीनंतर, चौथी फेब्रुवारीत. वेट आणि जेट हे शब्द मुद्दाम, कारण नुसतं सर्व्हिस लिहिलं की माणूस येतो, फिल्टर नळाखाली धरतो, कापड फिरवतो आणि वीस मिनिटांत जातो. वेट म्हणजे आतली कॉइल आणि ब्लोअर पंपाने धुणं, खाली पिशवी बांधून, आणि त्या पिशवीतून काळं पाणी निघतं. ते पाणी बघितल्याशिवाय वेट झाली असं मानायचं नाही.

तिसरी, किती वेळात येणार. कागदावर 48 तास होतं, खाली बारीक अक्षरात, कामकाजाचे तास आणि महापालिका हद्दीत. आता चाळीसगावला महापालिकाच नाही, नगरपरिषद आहे, म्हणजे ती अट त्याच्यासाठी अक्षरशः लागूच नव्हती. हद्दीबाहेर गेलं की प्रत्येक फेरीला कन्व्हेयन्स चार्ज, तोही करारात होता, एका फेरीचे 350. ते काढून टाकायला लावलं. आखाजीच्या आठवड्यात तर मेकॅनिक मिळतच नाही, लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी झोके बांधलेले, अर्धा स्टाफ सुट्टीवर आणि त्याच आठवड्यात ऊनही डोक्यावर. आमच्या काउंटरवर त्या दिवसांत साठ-सत्तर कम्प्लेंट पेंडिंग असायच्या, आणि खरं सांगतो, आधी कॉम्प्रिहेन्सिव्हवाल्यांना नाही, सारखा फोन करणाऱ्यांना माणूस जायचा. तरी डीलरने लिहून दिलं की मार्च ते जून 24 तासांत माणूस येईल. न आल्यास काय, हे मात्र त्याने लिहून दिलं नाही, तेवढं सोडावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात दोन टनाचा एकदा बंद पडला, कपॅसिटर गेला होता, म्हणजे काही शेकड्यांचा पार्ट. फुकट बसला, दुसऱ्या दिवशी. आत्याचा मुलगा हिशेब करत बसला की 5,192 देऊन एवढासा कपॅसिटर मिळाला. त्याला म्हटलं, फेब्रुवारीची शेवटची सर्व्हिस येईल तेव्हा मेकॅनिकला इनडोअर कॉइल उघडून लीकेज बघायला सांग आणि कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो ते क्लॅम्प मीटरने मोजून जॉबशीटवर लिहून घे. प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा तो बराच वर गेला असेल तर करार संपायच्या आत कम्प्लेंट टाक, कारण जी गोष्ट 14 मार्चला त्यांच्या खिशातून होते ती 16 मार्चला तुझ्या खिशातून होते.